ऊन कठड्यापर्यंतच यायचं

पाडकामाला सुरुवात होण्याआधी सहा दिवस मी त्या घराची मापं घेत होते. घर गिरगावातलं, ठाकुरद्वारच्या अंगाला असलेल्या एका वाडीतलं. मधे चौक आणि चारी बाजूंना तळमजला अधिक दोन मजले. बांधलं तेव्हा ते एका कुटुंबाचं होतं. पुढे खोल्या एकेक करून भाड्यानं गेल्या आणि चौकाचं घर चाळीसारखं वागायला लागलं. माझी आत्या तिथेच जन्मली आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिली. मी दादरची. त्या घरात मी फक्त सुट्टीतली पाहुणी होते.

पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीच्या हॉलमध्ये जुन्या घराचं एक मोठं चित्र लावायचं, असं रहिवाशांच्या समितीनं ठरवलं. फोटो फारसे नव्हते. होते त्यात लग्नातली माणसं होती आणि मागे घराचा एखादा खांब. म्हणून मापांवरून संगणकावर घर पुन्हा उभं करायचं आणि त्याचं रेंडर छापायचं असा बेत झाला. मी अशा कामांसाठी मोजणी आणि टिपणं करते. रेंडर करणारा मुलगा लालबागचा. हुशार, कामात चोख, पण चौकाच्या घरात कधी राहिलेला नाही. त्याला नकाशे दिले की तो भिंती उभ्या करणार. पण चित्रात काय दिसायला हवं, कोणत्या सालचं, कशाचं बनलेलं, किती वाजताचं आणि कसं, हे सांगणारं टिपण मी लिहून द्यायचं होतं.

पहिलं टिपण मी पाच मिनिटांत लिहिलं. मला ते पाठच होतं म्हणा ना. ‘जुन्या काळातला गिरगावातला चौक. लाकडी गॅलऱ्या, कौलारू छप्पर, मधे तुळशीवृंदावन. संध्याकाळचं सोनेरी ऊन. निवांत, आठवणीतलं वातावरण.’

चार दिवसांनी चित्र आलं. सुंदर होतं. खांबांच्या लांब सावल्या फरशीवर पडल्या होत्या, वृंदावनाची एक बाजू मधासारखी चमकत होती, लाकूड जागोजागी तडकलेलं, भिंतींचे पोपडे निघालेले. समितीतल्या दोघांना ते बघताक्षणी आवडलं. मी ते लॅपटॉपवर आत्याला दाखवायला नेलं. ती आता दादरला मुलाकडे असते. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे कुणाचं घर गं?”

मला वाटलं तिची नजर कमी झाली असेल. म्हणून मी वृंदावन दाखवलं, जिना दाखवला. ती म्हणाली, “जिना आमचाच आहे. पण हे ऊन आमचं नाही. संध्याकाळी चौकात कुठलं आलंय ऊन? आणि घर इतकं मोडलेलं कशाला काढलंय? मी असताना ते मोडलेलं नव्हतं.”

तिची दोन्ही वाक्यं बरोबर होती आणि दोन्ही चुका माझ्या होत्या.

दुसरी चूक आधी सांगते, कारण ती लवकर कळली. मी ‘जुन्या काळातला’ असं लिहिलं होतं. हा काळ नव्हे. ते नुसतं आपलं आजचं बघणं आहे. घर आज जुनं आहे, म्हणून त्याचा भूतकाळही जुनाट दाखवायचा, असा तो गोंधळ. मुलानं बिचाऱ्यानं ‘जुनं’ या शब्दाचं भाषांतर पोपडे आणि तडे असं केलं. त्याला साल हवं होतं. मी आत्याला विचारलं, “तुला कुठलं साल आठवतं?” तिनं साल सांगितलं नाही. ती चौथीत होती, तिची आजी त्या थंडीत गेली, आणि घरात अजून रेशनवरचा लाल ज्वारीचा आटा असायचा, असं सांगितलं. त्यावरून आम्ही १९५१ चा डिसेंबर ठरवला. ती नऊ वर्षांची होती.

साल ठरलं की निम्म्या गोष्टी आपोआप ठरतात. मुंबईत टीव्ही १९७२ साली आला, म्हणजे छपरावर अँटेना नको. प्लॅस्टिकच्या बादल्या नकोत, पत्र्याच्या आणि तांब्या-पितळेच्या हव्यात. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी नायलॉनची नको. भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. त्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घ्यायला सुरुवात केली. पण त्याचे परिणाम लाकडावर दिसायला दहा-वीस वर्षं जावी लागली. १९५१ चं घर म्हणजे नुकतीच निगा थांबलेलं घर. त्यात तडे नसतात. त्यात झीज असते, आणि झीज वेगळी दिसते. कठड्याचा वरचा दांडा हातांनी गुळगुळीत होऊन चकाकतो. पायऱ्या मधोमध बशीसारख्या खोलगट होतात आणि कडेला जशाच्या तशा राहतात. तडे ऊन-पावसानं पडतात. झीज माणसांमुळे होते, म्हणून ती माणसांच्या उंचीवर आणि वाटेवरच असते. मी मुलाला एवढंच लिहून दिलं की, जिथे हात आणि पाय पोचत नाहीत तिथे लाकूड नव्यासारखं दाखव.

रंगाचा प्रश्न मी चाकूनं सोडवला. कठड्याच्या एका खांबावर, पाडण्याआधी, रुपयाएवढ्या जागेत रंगाचे थर एकेक करून खरवडले. वर निळा, मग पिस्ता, मग मळकट पिवळा, पुन्हा हिरवा आणि सर्वांत खाली, लाकडाच्या रेषांत शिरलेला गडद चॉकलेटी. १९५१ साली यातला कुठला थर वर होता, हे थर सांगत नाहीत. ते फक्त क्रम सांगतात. आत्याला चॉकलेटी आठवत होता आणि हिरवा रंग तिच्या लग्नाच्या वेळी काढला हेही आठवत होतं. क्रम आणि आठवण जुळले, म्हणून चॉकलेटी. भिंतींना चुना, त्यात चिमूटभर नीळ, दर दिवाळीच्या आधी नवा हात. छपरावर मंगलोरी कौलं. बासेल मिशननं मंगलोरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधीची मुंबईतली घरं नळीच्या कौलांची असत. आमच्या घराचं छप्पर मुळात कशाचं होतं कोण जाणे, पण १९५१ साली ते सपाट, खाचेत खाच बसणाऱ्या मंगलोरी कौलांचं होतं, हे लग्नाच्या एका फोटोच्या कोपऱ्यात स्पष्ट दिसतं.

आता पहिली चूक. उन्हाची.

आत्यानं सांगितलेलं मी शब्दशः वहीत लिहून घेतलं आहे. “थंडीत दुपारी बाराला ऊन पहिल्या मजल्याच्या कठड्यावर यायचं. आमच्या बाजूच्या. तिथंच थांबायचं, खाली उतरायचं नाही. आम्ही गॅलरीत भिंतीला पाठ लावून बसायचो. मांडीवर ऊन यायचं, पण पाय सरळ केले की पावलं सावलीत. खालच्या मजल्यावरची एक बाई तिचं तान्हं घेऊन रोज वर यायची. त्याला उन्हात धरायची. खाली ऊन नव्हतंच ना.”

हे वाक्य मी आधी आठवण म्हणून ऐकलं. मग माझ्या लक्षात आलं की हे माप आहे. कठडा, मांडी, पावलं: तीन खुणा. त्या तपासता येतात, कारण घराची मापं माझ्याकडे होती आणि सूर्याची मापं सगळ्यांकडेच असतात.

तिचं घर उत्तरेच्या बाजूचं, म्हणजे गॅलरीचं तोंड दक्षिणेला. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे समोरच्या, दक्षिणेच्या छपराच्या कडेवरून निघालेलं ऊन चौक ओलांडताना दर फुटाला साधारण एक फूट एक इंच खाली उतरतं. दक्षिणेच्या छपराची कड चौकाच्या फरशीपासून ३६ फुटांवर होती. त्या कडेपासून उत्तरेच्या कठड्यापर्यंतचं अंतर १८ फूट. अठरा फुटांत ऊन उतरणार एकोणीस फूट आठ इंच. उरले सोळा फूट चार इंच. आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीची जमीन होती १४ फुटांवर, कठड्याचा वरचा दांडा १७ फुटांवर. म्हणजे ऊन कठड्याच्या फक्त वरच्या आठ इंचांवर येतं. त्याच्या खाली सावली.

हेच ऊन कठड्यावरून आत गॅलरीत शिरलं की त्याच उताराने खाली जातं आणि कठड्यापासून सुमारे दोन फूट आत जमिनीला टेकतं. गॅलरी चार फूट रुंद. म्हणजे भिंतीकडचे दोन फूट उन्हात, कठड्याकडचे दोन फूट सावलीत. भिंतीला पाठ लावून बसलेल्या मुलीची मांडी उन्हात आणि पाय पसरले की पावलं सावलीत. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर वर्षांनंतर आत्याचं म्हणणं इंचांत उतरलं. मी तिला फोन करून सांगितलं, तर तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. “मी खोटं कशाला सांगू?” म्हणाली.

हा हिशेब टिपणात लिहून दिला तरी दुसरं रेंडर चुकलं, आणि कसं चुकलं ते सांगण्यासारखं आहे. त्यात ऊन कठड्याच्या पायथ्यापर्यंत उतरलं होतं, अख्खी गॅलरी उजळली होती. मुलाची गणितं बरोबर होती, घर चुकलं होतं. त्यानं चौक कठड्यापासून कठड्यापर्यंत मोजला होता, २० फूट. पण दक्षिणेच्या छपराची वळचण कठड्याच्याही पुढे दोन फूट चौकात येते. सावली भिंत पाडत नाही, कठडाही पाडत नाही, वळचण पाडते. त्यानं सुबकतेसाठी वळचण आखडती घेतली होती. दोन फूट लाकूड आणि कौलं कमी झाली आणि ऊन दोन फुटांहून जास्त खाली आलं. आत्याची पावलं उन्हात गेली. जुन्या घरांच्या चित्रांत ही चूक सर्रास दिसते. चौक नकाशातल्या आकड्यापेक्षा नेहमी लहान असतो, कारण वरून आभाळाचा तुकडा वळचणींनी कापलेला असतो. तो तुकडा मोजायचा.

वळचण सुधारली. तिसरं रेंडर आलं. आता उंची बरोबर होती, पण आत्या म्हणाली, “आमच्या दाराशी सावली का?” तिचं दार उत्तरेच्या गॅलरीत, पूर्वेच्या कोपऱ्याजवळ. चित्रात तो कोपरा अंधारात होता.

यावर आम्ही दोघं दोन दिवस अडलो. मी पुन्हा मापं तपासली, त्यानं दिशा तपासली. सगळं बरोबर. शेवटी चूक घरात नव्हती, घड्याळात होती. त्यानं संगणकात गिरगावचे अक्षांश-रेखांश घातले, २१ डिसेंबर घातला आणि दुपारचे बारा, भारतीय प्रमाणवेळ. पण आत्याच्या घरातलं बारा वेगळं होतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईनं स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारा हा ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकला. रेल्वे एका वेळेवर, शहरातली घड्याळं दुसऱ्या. आत्याला विचारलं तर ती सहज म्हणाली, “हो, दादांचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर होतं. गावाला जाताना गाडीची वेळ काढायला ते बोटं मोजायचे.”

बॉम्बे टाइम ही खरोखर मुंबईच्या सूर्याची वेळ. त्या घड्याळात बारा वाजले की सूर्य जवळजवळ अचूक दक्षिणेला असतो. प्रमाणवेळेनं बारा वाजता मात्र तो अजून दक्षिणेपर्यंत पोचलेला नसतो, डिसेंबरात साडेबारा अंश पूर्वेकडेच असतो. उंचीत फार फरक पडत नाही, दोन-तीन इंच. पण ऊन तिरकं येतं आणि पूर्वेच्या वळचणीची सावली उत्तरेच्या गॅलरीवर आणखी चार फूट सरकते. नेमकी आत्याच्या दारावर. मुलानं वेळ १२ वाजून ३७ मिनिटं केली आणि दार उजळलं.

तेव्हापासून मी टिपणात नुसती वेळ लिहीत नाही. कुणाच्या घड्याळातली वेळ तेही लिहिते. आणि मुंबईतल्या १९५५ च्या आधीच्या चित्रात भिंतीवर घड्याळ दाखवायचं असेल, तर काटे कुठे ठेवायचे याचा विचार करायला सांगते.

एव्हाना ऊन जागेवर बसलं होतं, पण चित्र भेसूर दिसत होतं. वरचा मजला पांढराफटक आणि तळाला विहीर. समितीतल्या एकांनी पाहून सांगितलं, “मॅडम, ऊन थोडं खाली आणा ना. चौक किती काळोखा दिसतोय.” मुलगाही म्हणाला, “ताई, खाली एक दिवा लपवतो, कुणाला कळणार नाही.”

आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. “काळोख नव्हता. गार होतं.”

हा फरक शब्दांचा नाही. ऊन नसलेल्या जागी उजेड दोन वाटांनी येतो. एक आभाळातून, तो किंचित निळसर. दुसरा समोरच्या उन्हातल्या भिंतीवर आपटून, तो किंचित उबदार. चुन्याची ताजी भिंत अंगावर पडलेला बराचसा उजेड परत चौकात फेकते, आणि सगळ्या दिशांना सारखा, कारण तिला चमक नसते. मुलानं भिंतीला आजच्या मळलेल्या भिंतीचा करडा रंग दिला होता. त्यामुळे परतणारा उजेडच मेला होता. मी त्याला आठवण करून दिली की डिसेंबर म्हणजे दिवाळीला दीडेक महिनाच झालेला, चुना ताजा आहे. त्यानं भिंत पांढरी केली, अगदी कणभर निळी झाक ठेवली. दिवा लपवावा लागला नाही. तळमजला वर आला. फरशी गार निळसर, वर भिंत उबदार, मधे चॉकलेटी लाकूड. मी पहिल्या टिपणात ‘निवांत वातावरण’ लिहिलं होतं. त्यातून त्याला काही मिळालं नव्हतं. ‘दिवाळीत चुना दिलेली भिंत’ यातून मिळालं.

आणखी एक बारीक गोष्ट त्याला त्याच्या मनानं सुचली. त्याच्या चित्रात सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी होती. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. वळचणीपासून कठड्यापर्यंत सव्वीस-सत्तावीस फूट प्रवास करून आलेल्या सावलीची कड तीन-चार इंच तरी धूसर होते. त्यानं ती केली आणि कठड्यावरचं आठ इंच ऊन एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

पण समितीचा प्रश्न उरलाच. त्यांना उजळ चौक हवा होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यांच्याही आठवणी होत्या. एक काका शपथेवर सांगत होते की चौकात भर दुपारी ऊन असायचं, फरशी इतकी तापायची की अनवाणी पळत जावं लागायचं. आत्या म्हणत होती, खाली ऊन नव्हतंच. दोघं एकाच घरात वाढलेले.

मी पुन्हा हिशेबाकडे गेले. १८ फुटांच्या आभाळात ३६ फूट खाली उतरायचं, तर उन्हाला दर फुटाला दोन फूट उतरायला हवं, म्हणजे सूर्य साडेत्रेसष्ट अंशांच्या वर हवा. हा आकडा पाहून मी थबकले, कारण तो मी आधी वाचलेला होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. जे. पी. ऑर हे त्याचे अध्यक्ष असताना ज्या नियमाचा त्यांनी पाठपुरावा केला तो हाच, साडेत्रेसष्ट अंशांचा: इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी, म्हणजे खालच्या खोलीलाही आभाळ दिसेल. आमचं घर त्या नियमाच्या आधीचं, पण योगायोगानं बरोबर त्याच्या काठावर उभं होतं. नियमात बसणारं घर. आणि तरीही त्याच्या तळमजल्यावरची बाई तान्ह्या मुलाला उन्हासाठी जिना चढून वर आणत होती. कारण नियम आभाळाच्या उजेडाचा होता. आभाळ दिसणं आणि ऊन येणं या दोन गोष्टी आहेत.

मुंबईत दुपारचा सूर्य साडेत्रेसष्ट अंशांच्या वर जातो तो साधारण मार्चच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यातले पावसाळ्याचे महिने ढगांत जातात. म्हणजे चौकाच्या फरशीवर भरवशाचं ऊन फक्त मार्च, एप्रिल आणि मे. मेच्या मध्याला तर सूर्य थेट माथ्यावर येतो. तोच तो शून्य सावलीचा दिवस. तेव्हा वळचणींनी कापलेला आभाळाचा तुकडा जसाच्या तसा फरशीवर पडतो आणि चारी गॅलऱ्या पूर्ण सावलीत जातात. काकांना विचारलं, “अनवाणी पळायचात ते केव्हा?” म्हणाले, “सुट्टीत. पापड राखायला बसवायचे आम्हाला.”

दोघंही खरं सांगत होते. एक डिसेंबर सांगत होता, एक मे.

मग समितीला मी दोन पर्याय दिले. ऊन खाली आणायचं नाही, हवं तर महिना बदलायचा. त्यांनी मे निवडला. आता हॉलमध्ये लावण्यासाठी जे चित्र तयार झालं आहे, त्याचं टिपण असं आहे:

‘मे १९५१ चा मध्य, घरातल्या घड्याळात बाराला चार मिनिटं कमी, प्रमाणवेळ १२.३५. निरभ्र. नजर दक्षिणेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, उभ्या माणसाची. चौकाची काळ्या दगडाची फरशी उन्हात, वळचणीच्या कडेनं आखलेला चौकोन, कड चार-पाच इंच धूसर. वृंदावनाची सावली त्याच्या पायाशीच. फरशीवर धोतरं अंथरून पापड. चारी गॅलऱ्या सावलीत. गॅलऱ्यांच्या छतांच्या फळ्या खालून, फरशी आणि पापडांवरून परतलेल्या उजेडानं उजळलेल्या. भिंतींचा चुना सहा-सात महिने जुना, कठड्याच्या उंचीपर्यंत पाठी टेकून मळलेला. लाकूड चॉकलेटी, न तडकलेलं, दांडा चकाकणारा. दक्षिणेचा तळमजला चित्रात नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. दक्षिणेच्या तळमजल्यावर पुढे दुकानं निघाली, खांब काढून शटर बसवली. तिथे आधी काय होतं याचा धड पुरावा मला मिळाला नाही. म्हणून नजरच अशी ठेवली की तो भाग पाठीमागे जावा. जे माहीत नाही ते काढण्यापेक्षा उभं राहायची जागा बदललेली बरी.

डिसेंबरचं चित्रही आम्ही पुरं केलं. मुलानं त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यात एक नऊ वर्षांची मुलगी भिंतीला पाठ लावून बसली आहे, पाय पसरलेले. तिच्या शेजारी एक बाई उभी आहे, तान्ह्याला दोन्ही हातांवर, कठड्यापासून दोन फूट आत, जिथून ऊन सुरू होतं तिथे. ते छापून मी आत्याच्या खोलीत लावलं. तिनं जवळ जाऊन आधी मुलीची पावलं बघितली. सावलीत होती.

मग बोट त्या बाईवर ठेवून म्हणाली, “हिला अजून जरा मागे घ्यायला हवी होती. भिंतीला चिकटून उभी राहायची ती. आमच्या वाटेत यायला नको म्हणून.”

ते काही मी कुठल्याही मापावरून काढू शकले नसते. मुलाला निरोप पाठवला आहे.